मी त्याचं अभिनंदन केलं, त्याची कैफियत

तुळजापूरच्या शिबिरात रात्रीची जेवणं झाल्यावर आम्ही बायका अंथरुणं टाकून गप्पा मारत बसलो होतो. दिवसभर पोटगी, घरकुलाच्या यादीत नाव, रेशनकार्डावर वेगळं नाव, असे सगळे विषय झाले होते. रात्री मोकळं बोलायची वेळ होती. मी सहज सांगून टाकलं, की ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं त्याचा गेल्या आठवड्यात साखरपुडा झाला आणि मी त्याला अभिनंदनाचा निरोप पाठवला.

त्यावर जो गदारोळ झाला तो झोपेपर्यंत मिटला नाही. एक जण म्हणाली, "तू त्याच्या पाया पडलीस, दुसरं काय?" दुसरी म्हणाली, "अजून तुझा जीव अडकलाय त्याच्यात, कबूल कर." तिसरीला वाटलं, की मी त्याला टोमणाच मारला असणार आणि आता चांगुलपणाचा आव आणते आहे. तीस बायकांत एकीनंही असं म्हटलं नाही, की बाई, तुला बरं वाटलं म्हणून तू अभिनंदन केलंस. म्हणून हा लेख. मला त्या रात्रीचं भांडण पुरं करायचं आहे, आणि ते आपल्याच बायकांशी आहे, हे आधीच सांगते.

आधी प्रकरण काय ते सांगते. मी कळंब तालुक्यातल्या एका गावची. तो आणि मी धाराशिवला कॉलेजात बरोबर होतो, पुढे एकाच प्रकल्पावर तीन वर्षं काम केलं. लग्न करायचं ठरलं होतं, माझ्या घरी ते माहीत होतं. त्याची जात वेगळी, त्याच्या वडिलांना ते मान्य नव्हतं. आठ महिने तो आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिला आणि एके दिवशी एसटी स्टँडाच्या कँटीनमध्ये चहा थंड होईपर्यंत गप्प बसून म्हणाला, "मला नाही जमायचं." त्यानं मला मारलं नाही, पैसे घेतले नाहीत, खोटं बोलून फसवलं नाही. तो बापासमोर उभा राहू शकला नाही, एवढंच. माझ्यासाठी ते लहान नव्हतं. पुढची दोन वर्षं मी कशी काढली ते इथं लिहीत नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ते न लिहिता कळेल.

मग एका सकाळी गाडीत मामा भेटले. धाराशिव जिल्ह्यात बातमीला पाय लागतात ते एसटीचेच. मामा म्हणाले, "त्या पोराची सुपारी फुटली बरं का. बार्शीकडची पोरगी आहे." आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले, की ही आता काय करते. मी म्हटलं, "बरं झालं." आणि मग माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण ते मी मामांना दाखवायला म्हटलेलं नव्हतं.

आता अडचण बघा. हे बरं झालं असं मला त्याला सांगायचं होतं, पण मी त्याची कोण म्हणून सांगणार? आपल्या बोलीत या नात्याला शब्द नाही. सोयरीक मोडली तर पोरगी 'मोडलेली' होते. नवऱ्यानं घराबाहेर काढली तर ती 'टाकलेली', 'सोडलेली'. चळवळीनं 'परित्यक्ता' म्हटलं, पुढे 'एकल' म्हटलं, ते बरं केलं, पण त्यातही नाव मिळालं ते बाईलाच. तो मोडलेला नाही, टाकलेला नाही, सोडलेला नाही. तो आपला पुन्हा 'मुलगा', यादी करायला मोकळा. दोन माणसं एके काळी जवळ होती, आता नाहीत, आणि दोघं सारखीच माणसं आहेत, असं सांगणारा शब्दच नसल्यामुळे बाईनं केलेलं अभिनंदन लोकांना ऐकूच येत नाही. त्यांना त्यात रडणं ऐकू येतं, नाहीतर शाप.

साखरपुड्याचा विधी आठवा. पोरीला पाटावर बसवतात, पाच सवाष्णी तिला कुंकू लावतात, साडी देतात, ओटी भरतात, साखरेचा पुडा हातात देतात. शुभ बोलायचा अधिकार त्या पाच जणींना. नवऱ्यानं टाकलेली सख्खी बहीण असली तरी ती मागं स्वयंपाकघरात भाकरी थापत असते. तिचं तोंड समोर येऊ नये म्हणून सगळे जपतात. ती चांगलं बोलली तर 'नजर लागेल'. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनंही त्यावर परिपत्रक काढलं, आपण सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं. पण तो ठराव नवरा मेलेल्या बायकांसाठी होता. जिचा नवरा जिवंत आहे आणि दुसरीकडे साखरपुडा करतो आहे, तिच्या शब्दाला शुभ मानायचं की नाही यावर अजून कुणी ठराव केलेला नाही. म्हणून मी म्हणते, की बाईनं आपल्या जुन्या माणसाचं मनापासून अभिनंदन करणं हे शरण जाणं नाही. जिचं शुभ बोलणं कुणी मोजत नाही तिनं ते बोलून दाखवणं आहे. पण ते खरं असलं पाहिजे. खोटं असेल तर लोक म्हणतात तेच बरोबर ठरेल.

खरं आहे की नाही हे कसं ओळखायचं, हे मला अक्कांनी शिकवलं. अक्का म्हणजे आमच्या संघटनेतल्या सगळ्यात जुन्या. बातमी कळल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "हुंडा किती ठरलाय, काही कळलं का? आपण बोललं पाहिजे." अक्कांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. म्हणाल्या, "हे संघटनेच्या वतीनं विचारायलीस का स्वतःच्या?"

मला राग आला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, हुंड्याच्या लग्नाला जायचं नाही अशी शपथ आम्ही घेतलेली आहे, प्रश्न विचारणं माझं कामच होतं. पण घरी येताना लक्षात आलं, की त्याच महिन्यात माझ्या गल्लीत दोन लग्नांच्या याद्या झाल्या होत्या, दोन्हीत मोटारसायकल आणि सोनं कागदावर लिहिलं गेलं होतं, आणि तिथं मी काही विचारलं नव्हतं. इथं मात्र मला आकडा हवा होता. आकडा मोठा निघाला असता तर मला बरं वाटलं असतं, की बघा, तत्त्वाच्या गप्पा मारणारा शेवटी विकला गेला. ती पोरगी किती शिकली, दिसायला कशी, नोकरी आहे का, हेही मी त्या चार दिवसांत तिघींकडून काढून घेतलं होतं. कडूपणा रागाच्या रूपात येतो तेव्हा ओळखू येतो. तत्त्वाचा पदर घेऊन येतो तेव्हा आपल्यासारख्या कार्यकर्त्या बायकांना तो ओळखत नाही, आणि म्हणूनच तो आपल्याला जास्त धोक्याचा आहे.

याचा अर्थ हुंड्यावर गप्प बसायचं असा नाही. हुंडा घेतला जातो आहे हे पक्कं कळलं असतं तर संघटनेतल्या दुसऱ्या कुणीतरी जाऊन बोलायचं आणि मी त्यात पडायचं नाही, असं आम्ही ठरवलं. अक्का स्वतः गेल्या. लग्न दोन्ही घरांनी निम्मा खर्च करून करायचं ठरलं होतं. ते ऐकल्यावर मला आधी थोडी निराशा वाटली. मी ते लपवत नाही.

मग मी आठ दिवस थांबले. निरोप लिहायला बसले तेव्हा पहिला मसुदा असा झाला: 'तुझा साखरपुडा झाल्याचं कळलं, आनंद झाला. शेवटी तुझ्या घरच्यांना हवी तशी मुलगी मिळाली. तू सुखी राहा, माझी काळजी करू नकोस. आपण एकत्र केलेलं काम मी कधी विसरणार नाही. कधी काही लागलं तर हाक मार.'

वाचायला हे किती चांगलं वाटतं बघा. कुणाही बाईला दाखवलं असतं तर तिनं डोळे पुसले असते. अक्कांनी मात्र एकेका वाक्यावर बोट ठेवलं. 'शेवटी' आणि 'घरच्यांना हवी तशी' यात बापाचा सूड आहे, आणि त्या पोरीचा अपमानही, जणू ती बापानं आणलेलं गाठोडं आहे. 'माझी काळजी करू नकोस' म्हणजे काळजी कर. तो करत नसेल तर त्याला आठवण करून दिली आहे. 'कधी विसरणार नाही' हे साखरपुडा झालेल्या पुरुषाला लिहायचं वाक्य नाही, ते दाराला पाचर मारून ठेवणं आहे. आणि 'हाक मार' म्हणजे तर दार उघडंच. अक्का म्हणाल्या, "पाच वाक्यं लिहिलीस, त्यात अभिनंदन किती?" मी मोजलं. एकही नव्हतं. 'आनंद झाला' होतं, म्हणजे तेही माझ्याबद्दलच.

दुसऱ्या मसुद्यात मी सगळं काढलं आणि शेवटी लिहिलं, 'उत्तर देण्याची गरज नाही.' अक्का त्यालाही हसल्या. गरज नाही असं लिहिलं, की समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटतंच. आणि आपण त्या उत्तराची वाट बघणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून तर ते वाक्य सुचतं. उत्तर नको असेल तर प्रश्न विचारू नये, बस्स.

शेवटी जे गेलं ते असं होतं: 'तुमचा साखरपुडा झाल्याचं मामांकडून कळलं. तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. लग्न चांगलं होवो.' एवढंच. तिचं नाव मला कळलं होतं, पण मी ते घातलं नाही, कारण ते मला तिनं सांगितलेलं नव्हतं. 'दोघांचं' मात्र लिहिलं. दिवसाउजेडी अकरा वाजता पाठवलं, रात्री नाही. रात्रीच्या निरोपाचा अर्थ वेगळा होतो, शब्द तेच असले तरी.

पाठवण्याआधी मी स्वतःला दोन गोष्टी विचारल्या, त्या तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगते. एक, हा निरोप त्या पोरीनं त्याच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचला तर त्यातला एखादा शब्द मला गिळावासा वाटेल का? पहिल्या मसुद्यातले निम्मे शब्द वाटले असते. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. उद्या सकाळी मामा म्हणाले, की ती सोयरीक मोडली, तर माझ्या मनात पहिल्यांदा काय येईल? याचं उत्तर मी पहिल्या दिवशी दिलं असतं तर ते चांगलं नव्हतं. आठ दिवसांनी मला खरोखर वाटलं, की अरेरे, पुन्हा त्या पोरीला 'मोडलेली' म्हणतील. माझा पहिला विचार तिच्याकडे गेला तेव्हा मी निरोप पाठवला. तो तसा गेला नसता तर मी पाठवला नसता, आणि त्यातही काही वाईट नव्हतं. न पाठवणं हा अपमान नाही. अभिनंदन हे कुणाचं देणं नसतं.

आता दुसरी बाजू. आमच्या शिबिरात त्या रात्री कोपऱ्यात एक बाई गप्प बसली होती. सगळ्या झोपल्यावर ती माझ्याजवळ आली. तिची गोष्ट ऐकल्यावर मला कळलं, की माझ्या मैत्रिणी एवढ्या का भडकल्या होत्या, आणि त्यांचं अर्धं बरोबरही होतं.

तिला सात वर्षांपूर्वी नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. एक मुलगा. वर्षभरानं तिच्या सासरचे चार जण आणि गावचे दोन पंच आले. शंभराच्या बॉण्डवर लिहून आणलं होतं, की उभयतांचं पटत नाही, दोघांनी राजीखुशीनं काडीमोड केली, कुणाचा कुणावर हक्क राहिला नाही. तिनं अंगठा नाही, सही केली, ती दहावी शिकलेली आहे. तिला वाटलं, झाला घटस्फोट. पुढे नवऱ्याचा दुसरा साखरपुडा ठरला, तेव्हा सासूचा निरोप आला: मोठ्या मनानं ये, दोन पेढे खा, पोरीला कुंकू लाव, म्हणजे सगळ्यांना दिसेल की तुझं काही म्हणणं नाही. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "जा बाई, पुण्य लागंल." तिच्या मावशीनं तर साडीसुद्धा काढून ठेवली.

हे अभिनंदन नव्हतं. ती सही होती, फक्त पेढ्याच्या कागदावर. बॉण्डवर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. काही जातींत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा अशी रूढी मानतो, पण ती त्या जातीत पिढ्यान्पिढ्या सलग चालत आली आहे हे कोर्टात पुराव्यानं दाखवावं लागतं. नुसता बॉण्ड दाखवून भागत नाही. रूढी नसेल तर कोर्टाचा हुकूमच लागतो. तो नसताना नवऱ्यानं लग्न केलं तर ते दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही, आणि तो गुन्हा आहे. पूर्वी दंडविधानाचं कलम ४९४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पहिल्या बायकोनं संमती दिली, कुंकू लावलं, पेढे वाटले, तरी ते लग्न कायदेशीर होत नाही. मग तिला का बोलावत होते? कारण पुढे पोटगी मागितली, तक्रार केली, तर फोटो दाखवून म्हणता येतं, की बाई राजी होती, आता पैशासाठी उलटली. गावात तर हे लगेच खरं मानतात.

आणखी एक गोष्ट, जी त्या बाईनंच मला म्हटली. "ताई, मी कुंकू लावलं असतं तर ती पोरगी मला बघून समजली असती की सगळं रीतसर आहे." पाटावर बसलेल्या त्या पोरीचं लग्न मुळातच रद्द ठरणार होतं. तिच्या पुढच्या लेकरांना कायदा औरस मानतो, पण तिला स्वतःला बायको म्हणून उभं राहायला जागा फार थोडी राहते. म्हणजे मोठ्या मनाची पहिली बायको दुसरीच्या फसवणुकीला साक्षीदार झाली असती.

ती गेली नाही. साखरपुडा हा काही गुन्हा नाही, त्यामुळे पोलिसांनी 'लग्न झाल्यावर या' म्हणून परत पाठवलं, हे नेहमीचंच. पण लग्नाआधी दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो, आणि लग्न झाल्यावर सिद्ध करणं किती कठीण असतं ते आपल्याला माहीत आहे. भाऊराव लोखंडे खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याला सोडलं, कारण दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाले हे सिद्ध झालं नाही. नुसतं एकत्र राहणं, पत्रिका, फोटो पुरत नाहीत. म्हणून आधीच हलायचं. तिच्या वकिलानं नोटीस पाठवली, पलीकडच्या पोरीच्या बापालाही प्रत पाठवली. सोयरीक थांबली. पुढे दोघांनी सहमतीनं कोर्टात अर्ज केला, मुलाच्या नावावर रक्कम ठेवली गेली, आणि हुकूम झाला. त्यानंतर तो पुन्हा साखरपुडा करतो आहे असं तिला कळलं आहे. मी विचारलं, "आता अभिनंदन करशील?" ती म्हणाली, "आता काही देणं-घेणं नाही. पण अभिनंदन नाही करणार. मला तो आवडत नाही." मला ते उत्तर फार आवडलं. तिच्या उत्तरात कडूपणा नव्हता. तिचा हिशेब मिटला होता, आणि मिटलेल्या हिशेबावर गोड बोलणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं.

तर माझ्या मैत्रिणींना माझं एवढंच म्हणणं आहे. तुम्ही या बाईच्या जखमा डोळ्यांसमोर ठेवून माझ्यावर चिडलात. ते मला कळतं. जिथं मारहाण झाली, जिथं सोनं अडकवून ठेवलं, जिथं पोटगी थकली, जिथं कोर्टाचा हुकूमच नाही, तिथं अभिनंदनाचा निरोप पाठवणं म्हणजे आपल्या दाव्यावर आपणच पाणी ओतणं. तिथं आधी दावा. नवऱ्यानं रीतसर घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं तरी पहिलीचा पोटगीचा हक्क त्यानं बुडत नाही. तेव्हा 'तो आता संसाराला लागला, जाऊ दे' असं म्हणणाऱ्यांचं ऐकायचं कारण नाही. पण प्रत्येक तुटलेलं नातं अत्याचाराचंच असतं असं तुम्ही धरून चाललात, तर आपल्याकडे फक्त दोनच बायका उरतात: एक रडणारी आणि एक लढणारी. माझ्यासारखी, जिचं दुखणं खरं होतं पण ज्याच्याविरुद्ध दावा नव्हता, तिला कुठं बसवायचं? गावानं तिला स्वयंपाकघरात बसवलं. शिबिरात तिला तुम्ही संशयाच्या पिंजऱ्यात बसवलंत.

हिशेब कायद्यानं मिटणं आणि मनातून मिटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही आपण बोलायला हवं. रखमाबाईंचं नाव आपण दर शिबिरात घेतो. लहानपणी लग्न लावून दिलेल्या दादाजीकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, १८८७ साली कोर्टानं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग असा हुकूम दिला तेव्हा तुरुंग पत्करते म्हणाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन दादाजीचा दावा मिटवला गेला. दादाजीनं दुसरं लग्न केलं, त्याला कुणी अडवलं नाही, कारण तेव्हा हिंदू पुरुषाला एकापेक्षा जास्त बायकांची मोकळीक होती. मुंबई राज्यात ती मोकळीक १९४६ च्या कायद्यानं गेली. आपलं धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, तो कायदा इथं लागू नव्हता. रखमाबाई डॉक्टर झाल्या, सुरतेला दवाखान्यात काम केलं. आणि १९०४ साली दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्या चरित्रात येतं. हे आपण शिबिरात सांगत नाही. आपल्याला ते अडचणीचं वाटतं. मला वाटतं सांगावं. एवढी मोठी बाई, पैसे मोजून मोकळी झालेली, तिच्याही मनात किंवा तिच्या भोवतीच्या लोकांच्या मनात काहीतरी सोळा वर्षं उरलं होतं. मग माझ्यासारखीनं आठ दिवस थांबून, मसुदा खोडून, आपल्याच मनाची झडती घेऊन तीन वाक्यं पाठवली, तर त्यात हसण्यासारखं किंवा चिडण्यासारखं काय आहे?

आईचंही एक सांगायचं राहिलं. ती दुसऱ्या टोकाची. तिला वाटलं, मी निरोप पाठवला म्हणजे आता लग्नालाही जावं, आहेर करावा, म्हणजे लोक म्हणतील पोरगी किती समजूतदार. मी गेले नाही. मला बोलावणंही नव्हतं, आणि असतं तरी त्या मांडवात माझ्याकडे बघणाऱ्या दोनशे डोळ्यांमुळे त्या पोरीचा दिवस वाया गेला असता. समजूतदार दिसण्यासाठी केलेलं अभिनंदन हे लोकांसाठी असतं. माझं त्या दोघांसाठी होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं, संपलं.

संपलं असं मला वाटलं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बार्शीकडचा आवाज. "ताई, तुमचा निरोप यांनी मला दाखवला. राग मानू नका, एक विचारू का? तुमचं मोडलं ते कशामुळं? मला कुणी नीट सांगत नाही."

मी थोडा वेळ गप्प होते. त्यानं कधी हात उचलला असता तर मी तेव्हाच सगळं सांगितलं असतं, आणि आधी अभिनंदनही केलं नसतं. तसं काही नव्हतं. बरं बोलून फोन ठेवता आला असता, पण तिनं विचारलं होतं आणि लग्न तिला करायचं होतं. मी म्हटलं, "जातीवरून मोडलं. माणूस चांगला आहे. फक्त वडील समोर असले की तो बोलत नाही. तुम्हाला जे ठरवायचं असेल ते वडील नसताना त्याच्याशी ठरवा, आणि त्यांच्यासमोर तुम्ही बोला."

ती म्हणाली, "नोकरी सोडायची नाही असं मी आधीच म्हणलंय त्यांना."

"त्यांना म्हणजे कुणाला?"

"ह्यांना."

"मग सासऱ्यांनाही म्हणा," मी म्हटलं. "लग्नाच्या आधी."

ती हसली. म्हणाली, रविवारी जाणारच आहे त्यांच्याकडे.